फ्रिज मध्येच गप्प का बसतो?

रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातून येणारी ती घरघर तुम्ही ऐकली असेल. बराच वेळ 'घुंऽऽऽ' चालू असतं, मग 'टक्' असा आवाज येतो, फ्रिज जरासा थरथरतो आणि एकदम शांत होतो. थोड्या वेळाने पुन्हा 'टक्', पुन्हा घरघर. फ्रिज बिघडलेला नसतो, दमलेलाही नसतो. तो एक नियम पाळत असतो. तो नियम कळला की फ्रिज पुढच्या वेळी साधारण कधी चालू होणार, हे तुम्ही घड्याळ बघून आधीच सांगू शकाल.

आवाज करतो तो फ्रिजच्या मागे, खालच्या बाजूला बसवलेला काळा डबा, म्हणजे कॉम्प्रेसर. तोच फ्रिजच्या आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. साध्या एका दाराच्या फ्रिजमधल्या कॉम्प्रेसरला हळू किंवा जोरात चालणं माहीत नसतं. चालू नाहीतर बंद, बस्स. कधी चालू व्हायचं आणि कधी बंद, हे थर्मोस्टॅट ठरवतो. आतल्या दिव्याजवळ आकडे लिहिलेला गोल नॉब असतो ना, त्याच्यामागेच तो बसलेला असतो. त्यातून एक बारीक नळी निघते आणि तिचं टोक फ्रीझरच्या पत्र्याला टेकलेलं असतं. नळीत वायू भरलेला असतो. गरम झाला की तो जास्त जोराने दाबतो, गार झाला की त्याचा दाब उतरतो. या दाबाने एक छोटा पत्र्याचा भाता फुगतो किंवा आक्रसतो आणि स्प्रिंगवरचं बटण पलीकडे ढकलतो. तो 'टक्' आवाज या बटणाचाच.

आता समजा, आपल्याला फ्रिजमध्ये ५ अंश तापमान हवं आहे. मग ५ च्या वर गेलं की चालू, ५ च्या खाली आलं की बंद, असा सरळ नियम का नको?

करून बघूया, कागदावर. तापमान ५.०१ झालं, कॉम्प्रेसर चालू. काही सेकंदांत ४.९९, बंद. पुन्हा ५.०१, पुन्हा चालू. दिवसभर नुसतं टक्-टक्-टक्! कॉम्प्रेसरला हे अजिबात झेपत नाही. तो चालू असताना नळ्यांच्या एका बाजूला वायूचा दाब खूप वाढलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला कमी. बंद झाल्यावर दोन्हीकडचा दाब एका केसासारख्या बारीक नळीतून हळूहळू सारखा होतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. त्याआधीच पुन्हा सुरू करायला गेलं तर मोटारीला तो दाब ढकलून फिरता येत नाही. ती नुसती गुणगुणते, भरमसाट वीज ओढते आणि तापते. मग तिला जळण्यापासून वाचवणारं छोटं संरक्षक बटण वीज तोडतं. वीज जाऊन लगेच आली की कधीकधी फ्रिजमधून 'टक्, हुंऽ, टक्' असं ऐकू येतं, ते हेच. स्टॅबिलायझर वीज आल्यावर काही मिनिटं थांबूनच फ्रिजला वीज देतो, तेही याच कारणाने.

म्हणून थर्मोस्टॅटला एक नाही, दोन आकडे दिलेले असतात. आपल्या उदाहरणात ते ४ आणि ६ धरू. ६ ला पोचलं की चालू व्हायचं आणि ४ पर्यंत उतरलं की बंद व्हायचं. मधल्या ५ ला काय करायचं? जे चाललं आहे तेच चालू ठेवायचं! थंड करत असशील तर करत राहा, गप्प असशील तर गप्प राहा. म्हणजे ५ अंशांवर फ्रिज चालू असेल की बंद, हे नुसत्या ५ वरून सांगताच येत नाही. तो वरून खाली येतोय की खालून वर जातोय, हे माहीत हवं. या गमतीदार वागण्याला हिस्टेरेसिस म्हणतात. इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. कोणी एक तांब्या पाणी घेतलं की लगेच पंप लावत नाहीत. टाकी तळाला आली की पंप लावायचा आणि काठोकाठ भरली की बंद करायचा.

आता मुख्य गंमत, भविष्य सांगण्याची! त्यासाठी दोनच वेग हवेत. कॉम्प्रेसर बंद असताना फ्रिज किती वेगाने तापतो आणि चालू असताना किती वेगाने गार होतो.

समजा, स्वयंपाकघरात ३० अंश तापमान आहे. फ्रिज बंद असताना बाहेरची उष्णता भिंतींतून आणि दाराच्या रबराजवळून आत झिरपते आणि आतलं तापमान मिनिटाला ०.१ अंशाने चढतं. ४ पासून ६ पर्यंत म्हणजे २ अंश चढायला २० मिनिटं लागणार. कॉम्प्रेसर चालू झाला की तापमान मिनिटाला ०.२ अंशाने उतरतं. २ अंश उतरायला १० मिनिटं. म्हणजे २० मिनिटं शांत आणि १० मिनिटं घरघर, पूर्ण फेरी ३० मिनिटांची. अंतराला वेगाने भागायचं, एवढंच हे गणित. ४ आणि ६ ऐवजी ४.५ आणि ५.५ घेतले तर अंतर निम्मं आणि फेरीही निम्मी, १५ मिनिटांची. तापमान जास्त स्थिर हवं असेल तर कॉम्प्रेसरला जास्त वेळा उठवावं लागतं. यातून सुटका नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघा. कॉम्प्रेसर चालू असतानाही बाहेरची उष्णता आत येतच असते. ती मिनिटाला ०.१ अंश वर ढकलत असताना तापमान ०.२ ने उतरतंय, म्हणजे कॉम्प्रेसरची खरी ओढ ०.३ अंशाची आहे.

या ०.३ च्या जोरावर आपण मे महिन्यात जाऊया, चंद्रपूरच्या एखाद्या स्वयंपाकघरात. बाहेर ४० अंश, फ्रिजमध्ये सरासरी ५. फरक ३५ अंशांचा. आधी तो २५ होता. उष्णता झिरपते ती या फरकाच्या प्रमाणात. म्हणून तापण्याचा वेग ०.१ वरून ०.१४ होईल. गार होण्याचा वेग ०.३ मधून ०.१४ वजा, म्हणजे ०.१६ उरेल. आता शांतता साधारण १४ मिनिटांची आणि घरघर साडेबारा मिनिटांची. फेरी झाली जवळजवळ २७ मिनिटांची. आधीच्या ३० पेक्षा थोडीच कमी! पण त्या फेरीतला जवळजवळ अर्धा वेळ कॉम्प्रेसर राबतोय, आधी एक तृतीयांश राबत होता. खरा फ्रिज तर याहूनही जास्त वेळ चालेल, कारण तापलेल्या खोलीत उष्णता बाहेर टाकणं कॉम्प्रेसरला जड जातं आणि त्याची ती ०.३ ची ओढही कमी होते.

आणि जानेवारीत पहाटे निफाडला? स्वयंपाकघरात १५ अंश असेल तर फरक फक्त १० चा. तापण्याचा वेग ०.०४. म्हणजे ५० मिनिटं शांतता, जेमतेम ८ मिनिटं घरघर आणि पुन्हा झोप. फ्रिज तोच, नॉबही तिथेच, पण फेरी जवळजवळ दुप्पट लांबली.

मला सगळ्यांत आवडतं ते पुढचं गणित. ३० अंशांच्या त्याच स्वयंपाकघरात परत या आणि फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा. इतक्या भरा, की आतलं सगळं मिळून तापवायला दुप्पट उष्णता लागेल. पहिल्यांदा बाटल्या गार करताना कॉम्प्रेसर बराच वेळ चालेल. त्या एकदा गार झाल्या की मात्र दोन्ही वेग निम्मे होतात. ४० मिनिटं शांत, २० मिनिटं घरघर. तासात दोन फेऱ्यांऐवजी एकच. पण मिनिटं मोजा बरं! तासाभरात कॉम्प्रेसर आधीही २० मिनिटं चालत होता आणि आताही २० मिनिटंच चालतोय. झिरपणारी उष्णता तेवढीच आहे, तर ती बाहेर काढायचं कामही तेवढंच राहणार. आत काय ठेवलंय यावर फेरीची लांबी ठरते. कॉम्प्रेसर एकूण किती राबणार, हे ठरतं बाहेरच्या उन्हाळ्यावर आणि दाराच्या रबरावर.

आपल्या गणितात एक गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे उशीर. 'टक्' झालं आणि कॉम्प्रेसर थांबला, तरी फ्रीझरचा पत्रा अजून खूप गार असतो आणि तो थोडा वेळ उष्णता ओढतच राहतो. चालू होतानाही तसंच, पत्रा गार व्हायला वेळ लागतो. समजा हा उशीर दोन्ही वेळी २ मिनिटांचा आहे. तर तापमान ४ वर न थांबता आणखी ०.४ खाली जाईल आणि ६ च्या वर ०.२ चढेल. झोका २ अंशांचा न राहता २.६ अंशांचा होईल आणि फेरी ३० ऐवजी ३९ मिनिटांची. आपण ठरवलेल्या अंतरापेक्षा खरा झोका नेहमी मोठा निघतो, तो यामुळे.

मग आतलं दूध सारखं गार-गरम होत असेल का? नाही. हा झोका आतल्या हवेचा. पेलाभर दुधाला तापमान बदलायला तासाहून जास्त वेळ लागतो आणि तोवर हवा दोनदा वर-खाली होऊन जाते. दुधाच्या वाट्याला अंशाच्या दहाव्या भागाएवढा फरक येतो.

नॉबबद्दलही सांगून टाकतो. पाहुणे आले, सरबत पटकन गार व्हायला हवं, म्हणून कोणी नॉब एकदम ७ वर फिरवतं. त्याने सरबत लवकर गार होत नाही! कॉम्प्रेसरची ओढ तेवढीच राहते. नॉबमुळे बदलतो तो बंद होण्याचा आकडा, म्हणजे फ्रिज जास्त वेळ चालतो आणि शेवटी जास्त गार होतो. मग नॉब मागे फिरवायला कोणी विसरलं की दुसऱ्या दिवशी कोथिंबीर गोठलेली सापडते.

आता तुमची पाळी. घरात साधा एका दाराचा फ्रिज असेल तरच हे जमेल, कारण इन्व्हर्टर फ्रिजचा कॉम्प्रेसर आपला वेग कमी-जास्त करतो आणि आपलं गणित तिथे लागू पडत नाही. दुपारी सगळे आडवे झाले असताना, दार अजिबात न उघडता, घरघर कधी सुरू झाली आणि कधी थांबली ते वहीत लिहा. दोन-तीन फेऱ्या पुरेत. मागच्या तारांना किंवा कॉम्प्रेसरला हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं. शेजारी खोलीचं तापमानही लिहा. मग शांततेची मिनिटं घ्या, त्यांना आजच्या फरकाने गुणा आणि मे महिन्यातल्या फरकाने भागा. आपल्या उदाहरणात २० गुणिले २५, भागिले ३५, म्हणजे साधारण १४. तुमचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि मे महिन्यात फ्रिज जवळपास तेवढीच मिनिटं गप्प राहतो का, ते तपासून आम्हाला नक्की कळवा.