जीपीएसच्या बिटांची सुरुवात कशी सापडते?

जीपीएस उपग्रह सेकंदाला 50 बिट पाठवतो. 300 बिटांची, म्हणजे 6 सेकंदांची, प्रत्येक सबफ्रेम 10001011 या खुणेने सुरू होते. रिसीव्हर ही खूण आलेल्या बिटांवरून एकेक घर सरकवत नेतो. जुळलेल्या बिटाला +1, न जुळलेल्याला −1. बेरीज 8 आली की खूण सापडली. −8 आली तरीही, कारण सगळे बिट उलटे वाचले गेलेले असू शकतात.

पण खूण आठच बिटांची! इतर मजकुरात ती योगायोगाने जुळण्याची शक्यता प्रत्येक जागी साधारण 256 पैकी 2, म्हणजे एका सबफ्रेममध्ये सरासरी दोनहून अधिक खोट्या खुणा. म्हणून रिसीव्हर पॅरिटी तपासतो. मग 300 बिटांनंतर खूण पुन्हा येते का आणि पुढच्या शब्दातला वेळेचा आकडा 1 ने वाढला का, हे पाहतो.