पातळ ऑइलने अ‍ॅव्हरेज किती वाढतं? कागदावर हिशोब करून बघू

वाशीमच्या कुठल्याही ऑइलच्या दुकानात उभे राहा, “हे पातळ ऑइल टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल” असं कोणीतरी सांगतंच. वाढतं हे खरं आहे, प्रश्न किती वाढतं एवढाच आहे. कोणी दोन टक्के म्हणतो, कोणी थेट दहा. प्रयोगशाळेत न जाताही यातला कुठला आकडा शक्य आहे आणि कुठला नाही, हे वहीच्या एका पानावर ठरवता येतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतः मांडून बघावाच.

सुरुवात पेट्रोल जातं कुठे इथून करू. २०१२ मध्ये होल्मबर्ग, अँडरसन आणि एर्डेमिर यांनी ‘ट्रायबॉलॉजी इंटरनॅशनल’मध्ये प्रवासी कारचा ऊर्जेचा ताळेबंद मांडला. इंधनातल्या १०० भाग ऊर्जेपैकी ६२ भाग उष्णता म्हणून सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे निघून जातात. उरलेल्या ३८ भागांचं यांत्रिक काम होतं, आणि त्यातले ११.५ भाग इंजिनातल्या आतल्या घर्षणात खर्च होतात. बाकीचे टायर, गिअर, ब्रेक आणि हवेचा विरोध यांच्यात.

इथे बरेच जण ११.५ टक्के हाच आकडा धरून पुढे जातात. पण घर्षण कमी झालं की इंजिनाला तेवढं यांत्रिक काम कमी करावं लागतं, आणि त्या कामाबरोबर जाणारी उष्णताही वाचते. म्हणून भागायचं ते ३८ ने. ११.५ भागिले ३८ म्हणजे साधारण ३० टक्के. अर्थ असा की इंजिनाचं घर्षण १० टक्क्यांनी घटलं, तर पेट्रोल सुमारे ३ टक्के वाचतं.

आता ऑइल. समजा गाडीच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आणि ०डब्ल्यू-२० अशा दोन्ही ग्रेड चालतात असं लिहिलंय. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो. आपल्या हिशोबाला लागते ती गरम इंजिनातली स्निग्धता, तीही साध्या नळीतून ओघळताना मोजलेली नव्हे. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा थर इतका बारीक असतो आणि इतक्या जोरात घासला जातो की ऑइलमधले पॉलिमर ताणले जाऊन ते तात्पुरतं आणखी पातळ होतं. म्हणून एसएईच्या जे३०० मानकात १५० अंश सेल्सिअसला, प्रचंड घर्षणगतीवर मोजलेली ‘एचटीएचएस’ स्निग्धता दिलेली असते. तिची किमान मर्यादा ग्रेड ३० साठी २.९ आणि ग्रेड २० साठी २.६ मिलिपास्कल-सेकंद आहे. आपलं ३० ग्रेडचं ऑइल ३.१ चं आणि २० ग्रेडचं २.६ चं आहे असं धरू. म्हणजे घट झाली १६ टक्के.

पण स्निग्धता १६ टक्के घटली म्हणून घर्षणही १६ टक्के घटत नाही. पिस्टन रिंगखालच्या ऑइलच्या थराचं घर्षण ढोबळमानाने स्निग्धतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, कारण ऑइल पातळ झालं की थरही बारीक होतो. बेअरिंगचा नियम थोडा वेगळा आहे, पण अंदाजापुरतं सगळीकडे वर्गमूळच लावू. ०.८४ चं वर्गमूळ ०.९२, म्हणजे घट ८ टक्के. शिवाय इंजिनातलं सगळं घर्षण ऑइलच्या पूर्ण थरावर चालत नाही, काही ठिकाणी धातू धातूला टेकतोच. पूर्ण थराचा वाटा ७० टक्के धरला (हे माझं गृहीतक, तुम्ही ५० किंवा ८० धरून बघा), तर एकूण घर्षण साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटतं. त्याला ०.३० ने गुणलं की पेट्रोलची बचत येते १.७ टक्के. ऑइल पातळ केल्यावर धातू टेकण्याच्या जागी घर्षण उलट थोडं वाढतं, ते वजा करा. हाती उरतो एक ते दीड टक्का.

२० चं अ‍ॅव्हरेज २०.३ झालं, एवढंच. जाड १५डब्ल्यू-४० वरून (किमान मर्यादा ३.७) थेट २० ग्रेडवर आलात तर हाच हिशोब तीन टक्क्यांच्या आसपास जातो. अर्थात मॅन्युअलने परवानगी दिली असेल तरच.

आता दहा टक्क्यांचा दावा उलट्या बाजूने तपासू. १० टक्के पेट्रोल वाचायला इंजिनाचं घर्षण एक तृतीयांशाने घटायला हवं. ऑइलच्या थराचा वाटा ७० टक्के, म्हणजे त्या भागातलं घर्षण जवळपास निम्मं व्हायला हवं. वर्गमुळाच्या नियमाने त्यासाठी स्निग्धता ३.१ वरून ०.९ च्या खाली आणावी लागेल. जे३०० मधल्या सगळ्यात पातळ ग्रेडची, म्हणजे ८ ची, किमान मर्यादासुद्धा १.७ आहे! दावा इथेच संपतो.

डब्यावरच्या आकड्यांबाबत एक गंमत. अमेरिकेतल्या ‘सिक्वेन्स सहा-ई’ चाचणीत २० ग्रेडच्या ऑइलला किमान ३.८ टक्के सुधारणा दाखवावी लागते, असं वाचायला मिळतं. ही बेरीज आहे. ऑइल नवं असताना मिळालेली टक्केवारी आणि १२५ तास जुनं केल्यावर मिळालेली टक्केवारी यांची. दुसरीची मर्यादा १.८ आहे. आणि तुलना होते २०डब्ल्यू-३० या आधारऑइलशी, तुमच्या गाडीत आज असलेल्या ऑइलशी नाही.

मग “मला तर चार किलोमीटरचा फरक पडला” म्हणणारे खोटं बोलतात का? नाही, त्यांचं मोजमाप तेवढं बारीक नसतं. टाकी फुल करून मोजलेलं अ‍ॅव्हरेज एका टाकीपासून दुसऱ्या टाकीपर्यंत सहज ५ टक्क्यांनी हलतं. पंपाचं नोझल कधी कुठे बंद होतं, पाटणी चौकात किती थांबलात, एसी किती चालला, टायरमध्ये हवा किती होती. पेट्रोलमधलं इथेनॉल १० वरून २० टक्के झालं तर लिटरमागची ऊर्जाच साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते, म्हणजे ऑइलच्या फायद्याच्या दुपटीहून जास्त.

५ टक्के विखुरण्यातून १.५ टक्क्यांचा फरक शोधायचा असेल, तर किती टाक्या लागतील? नमुनासंख्येचं नेहमीचं सूत्र (९५ टक्के विश्वास, ८० टक्के शक्ती):

n = 2 × (1.96 + 0.84)² × (5 / 1.5)² ≈ 174

प्रत्येक ऑइलवर १७४ टाक्या. एका टाकीत ५०० किलोमीटर धरले तर एका ऑइलवर ८७ हजार किलोमीटर, आणि दोन्ही ऑइलचे मिळून त्याच्या दुप्पट. तोवर इंजिनच बदललेलं असेल. म्हणून प्रयोगशाळेत इंजिन स्टँडवर बसवून वेग, भार आणि तापमान पक्कं धरतात. आधी आधारऑइल, मग चाचणीचं ऑइल, मग पुन्हा आधारऑइल असा क्रम ठेवतात. मधल्या काळात इंजिन किंवा उपकरण सरकलं असेल, तर दोन्ही टोकांच्या आधारऑइलच्या आकड्यांत ते दिसतं.

हा एक-दीड टक्काही सगळीकडे सारखा नसतो. सकाळी थंड इंजिनाने शाळेपर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत आलात, तर ऑइल गरमच होत नाही. थंडपणी दोन ग्रेडमधला फरक मोठा असल्याने फायदा थोडा जास्त. समृद्धी महामार्गावर शेलूबाजारहून १२० च्या वेगाने निघालात, तर बहुतेक काम हवा कापण्यात जातं. हवेचा विरोध ६० च्या वेगाच्या चौपट झालेला असतो, त्यामुळे घर्षणाचा वाटा आणि फायदा दोन्ही कमी.

मोटरसायकलवाल्यांनी मात्र हा हिशोब तसाच उचलू नये. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिथे जासो एमए किंवा एमए२ शिक्क्याचं ऑइल लागतं. कारच्या ‘फ्युएल इकॉनॉमी’ ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं क्लचच्या प्लेटांवरही काम करतात. चढावर रेस दिली की इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी तिथेच रेंगाळते, ही क्लच घसरल्याची खूण. अशा वेळी दीड टक्का वाचायच्या ऐवजी पेट्रोल जास्तच लागतं.