तीन-चार थेंब आणि ग्रिन्यार फेल!

जुलै महिना. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेचं पाणी गढूळ झालंय, दोरीवरची जीन्स तिसऱ्या दिवशीही ओलसरच आहे आणि नेमकं आजच तुमचं ग्रिन्यारचं प्रॅक्टिकल आहे. तास होऊन गेला तरी फ्लास्कमधलं मॅग्नेशियम जसंच्या तसं पडून. शेजारचा म्हणतो, ‘‘सोड रे, कराडच्या पावसात ही रिॲक्शन होतच नाही.’’ होते की! फक्त पाणी कुठून शिरतं ते ओळखायला हवं.

आधी ही भानगड काय आहे ते बघू. कोरड्या ईथरमध्ये ब्रोमोबेंझीन आणि मॅग्नेशियम एकत्र आले की मॅग्नेशियम कार्बन आणि ब्रोमीनच्या मधे जाऊन बसतं. तयार होतं C₆H₅MgBr, म्हणजे ग्रिन्यार रिएजंट. एरवी ब्रोमीनशेजारी थोडा धन असणारा कार्बन इथे ऋण होतो. त्यामुळे तो कार्बोनिलमधल्या धन कार्बनवर जाऊन नवा बंध करतो. शेवटी त्यात आम्ल घातलं की अल्कोहोल मिळतं. फॉर्मल्डिहाइडपासून प्रायमरी, इतर अल्डिहाइडपासून सेकंडरी आणि कीटोनपासून टर्शरी. फ्रान्सच्या व्हिक्तोर ग्रिन्यारनं ही पद्धत 1900 मध्ये मांडली आणि 1912 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

अडचण एकच. या ऋण कार्बनला प्रोटॉन दिसला की तो कार्बोनिलची वाट बघत नाही. पाण्याचा प्रोटॉन तो लगेच उचलतो आणि साधं बेंझीन होऊन बसतो. तिथून परत फिरणं नाही.

पाणी किती लागतं? हिशोब करू. 1.57 ग्रॅम ब्रोमोबेंझीन, 0.24 ग्रॅम मॅग्नेशियम आणि 1.82 ग्रॅम बेंझोफिनोन घेतलं, तर प्रत्येकाचे साधारण 10 मिलिमोल होतात. सगळं नीट झालं तर 2.60 ग्रॅम ट्रायफिनाइलमिथेनॉल मिळेल. आता 10 मिलिमोल पाणी म्हणजे फक्त 0.18 ग्रॅम, ड्रॉपरचे तीन-चार थेंब. एवढ्यात सगळा रिएजंट संपतो.

हे थेंब डोळ्यांना दिसत नाहीत, खरी गोम इथेच आहे. ईथरमध्ये वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास पाणी विरघळतं आणि तरी ते काचेसारखं स्वच्छ दिसतं. असं ओलं ईथर 20 मिलि घेतलं, तर त्यात जवळपास तेवढंच पाणी असतं. म्हणून बाटलीतलं ईथर सरळ वापरायचं नाही. सोडियमच्या तारेवर वाळवलेलंच घ्यायचं. दुसरी जागा काचेची. फ्लास्क कोरडा दिसला तरी त्याच्या आतल्या भिंतीवर ओलाव्याचा पातळ थर असतो. तो ओव्हनमध्ये 110 अंशांच्या वर तापवायचा आणि कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब लावूनच गार होऊ द्यायचा. उघडा ठेवलात तर पावसाळी हवा त्याला पुन्हा ओला करते.

घाईत फ्लास्क ॲसिटोननं धुऊन वाळवायची सवय अनेकांना असते. इथे ती अंगलट येते. ॲसिटोन स्वतःच कीटोन आहे! फ्लास्कमध्ये ते उरलं तर रिएजंट बेंझोफिनोनऐवजी त्याच्याशीच जुळतो आणि भलतंच अल्कोहोल तयार होतं. स्पिरिटही नको, कारण त्यातल्या अल्कोहोलचा प्रोटॉनही रिएजंटला चालतो.

रिॲक्शन सुरू झाली हे कसं ओळखाल? सुरुवातीला आयोडीनचा एक छोटा खडा टाका. तो मॅग्नेशियमवरचा ऑक्साइडचा थर मोडायला मदत करतो. तपकिरी रंग गेला, द्रव गढूळ झाला आणि बाहेरून उष्णता न देता ईथर उकळायला लागलं, की समजा गाडी सुटली. ईथर 35 अंशांनाच उकळतं, म्हणून बर्फाचं पाणी हाताशी ठेवा आणि आसपास ज्योत अजिबात नको. काहीच हालचाल नसेल तर काचेच्या कोरड्या कांडीनं मॅग्नेशियम थोडं चिरडून बघा. तरीही ढिम्म असेल तर नव्यानं वाळवलेल्या सामानानिशी पुन्हा सुरुवात करा. त्यात बेंझोफिनोन ओतून काही उपयोग नाही.

गंमत म्हणजे शेवटी पाणी तुम्ही स्वतःच घालता. बेंझोफिनोनशी बंध जुळला की हाती असतं अल्कोहोलचं मॅग्नेशियम मीठ. त्यात थंड सौम्य आम्ल हळूहळू घातलं की त्याला प्रोटॉन मिळतो आणि अल्कोहोल सुटं होतं. आधी घातक असलेलं पाणी आता लागतंच, कारण कार्बन-कार्बन बंध तोवर पक्का झालेला असतो.

शेवटी मेल्टिंग पॉइंट घ्या. पांढरे स्फटिक 162 अंशांच्या आसपास वितळले तर जमलं. 48 च्या आसपासच वितळले तर ते तुम्हीच टाकलेलं बेंझोफिनोन आहे, जसंच्या तसं परत आलेलं. मग पावसाला बोल लावण्याआधी ईथर कोणत्या बाटलीतलं होतं ते आठवा.