रॉकेट वेग धरतं, कॅमेरा मंदावतो

१६ जुलै १९६९ रोजी केनेडी अवकाश केंद्राच्या ३९-अ या तळावरून अपोलो ११ निघालं, तेव्हा पत्रकारांची जागा तळापासून साधारण साडेपाच किलोमीटरवर होती. त्याहून जवळ उभं राहू देणं धोक्याचं होतं. तिथं तिकाटण्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचं काम सांगायला सोपं होतं: रॉकेट वर जाईल तसं भिंग वर उचलत राहायचं. पण किती झपाट्याने उचलायचं? रॉकेट तर क्षणाक्षणाला अधिक वेगाने जातं. मग कॅमेराही क्षणाक्षणाला अधिक झपाट्याने वळवावा लागेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात काही वेळाने उलटंच होतं.

जमिनीशी समांतर रेषा आणि कॅमेऱ्याची नजर यांच्यातला कोन म्हणजे दहावीच्या भूमितीतला उन्नत कोन. कॅमेरा, तळ आणि रॉकेट मिळून एक काटकोन त्रिकोण होतो. त्याचा पाया, म्हणजे कॅमेऱ्यापासून तळापर्यंतचं अंतर, कायम राहतो. उभी बाजू म्हणजे रॉकेटची उंची, ती वाढत जाते. कर्ण म्हणजे कॅमेऱ्यापासून थेट रॉकेटपर्यंतची दृष्टिरेषा. कोनाचा टॅन म्हणजे उंची भागिले पाया. या समीकरणाचं काळानुसार अवकलन केलं की उत्तर मिळतं, पण तेच उत्तर चित्र डोळ्यांसमोर ठेवूनही काढता येतं आणि मला ती वाट जास्त आवडते.

रॉकेट एका सेकंदात थोडं वर सरकलं, असं समजा. या सरकण्याचे दोन भाग पडतात. एक भाग दृष्टिरेषेच्याच दिशेने कॅमेऱ्यापासून दूर नेणारा असतो. त्याने रॉकेट लहान दिसतं, पण भिंग हलवावं लागत नाही. दुसरा भाग दृष्टिरेषेला आडवा, आणि कॅमेरा वळतो तो फक्त याच्यामुळे. हा आडवा भाग म्हणजे वेग गुणिले कोनाचा कोसाइन, आणि कोसाइन म्हणजे पाया भागिले दृष्टिरेषा. आता तेवढंच आडवं सरकणं जवळून पाहिलं तर कोन जास्त बदलतो, लांबून पाहिलं तर कमी. म्हणून आडव्या भागाला पुन्हा एकदा दृष्टिरेषेच्या लांबीने भागायचं. हाती येतं ते असं: कोन बदलण्याचा दर म्हणजे वेग गुणिले पाया, भागिले दृष्टिरेषेचा वर्ग. दृष्टिरेषा दोनदा भागते, एकदा तिरकेपणामुळे आणि एकदा लांबीमुळे. सगळी गंमत या वर्गात आहे.

आता आकडे घालू. अपोलो ११ चं सॅटर्न ५ रॉकेट १११ मीटर उंच आणि सुमारे २,९०० टन वजनाचं होतं. त्याचा जोर वजनापेक्षा थोडाच जास्त असल्याने सुरुवातीचा त्वरण अगदी बेताचा होता, दर सेकंदाला वेगात साधारण २ मीटरची भर. शेजारचा मनोरा ओलांडायलाच त्याला दहा सेकंदांच्या आसपास लागले. पण पहिला टप्पा सेकंदाला सुमारे १३ टन इंधन जाळत होता. रॉकेट हलकं होत गेलं आणि त्वरण वाढत गेला. ढोबळ हिशेब केला तर ४ किलोमीटर उंचीवर वेग सेकंदाला १९५ मीटरच्या आसपास येतो. पाया ५.६ किलोमीटर धरू.

पाया आणि उंची यांच्या वर्गांची बेरीज, म्हणजेच दृष्टिरेषेचा वर्ग, सुमारे ४७.४ चौरस किलोमीटर, अर्थात ४ कोटी ७४ लाख चौरस मीटर. वरती १९५ गुणिले ५,६००, म्हणजे १० लाख ९२ हजार. भागाकार येतो ०.०२३. हे अंश नव्हेत, रेडियन आहेत. विद्यार्थी इथेच हमखास फसतात आणि कॅमेरा जवळजवळ स्थिर आहे असं लिहून मोकळे होतात. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश, तेव्हा खरं उत्तर आहे सेकंदाला १.३ अंश. घड्याळाचा सेकंदकाटा सेकंदाला सहा अंश फिरतो. कॅमेऱ्याचा वेग त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. एवढ्यात काय अवघड, असं वाटेल. पण लांब पल्ल्याच्या भिंगातून दिसणारी चौकट रॉकेटच्या उंचीच्या जेमतेम दुप्पट असेल, तर हात थांबल्यावर सेकंदाभरात रॉकेट चौकटीबाहेर जातं.

मनोरा ओलांडताना हाच दर सेकंदाला पाव अंश होता. आणि रॉकेटने ध्वनीचा वेग गाठला तेव्हा, म्हणजे सुमारे ७.८ किलोमीटर उंचीवर, वेग सेकंदाला ३१० मीटरच्या घरात असूनही दर १.१ अंशावर उतरलेला दिसतो. वेग दीडपटीहून जास्त झाला, पण दृष्टिरेषेचा वर्ग जवळपास दुप्पट झाला होता.

गणिताची पुस्तकं एका उंचीवरचा दर विचारून थांबतात. मला वाटतं, त्याहून चांगला प्रश्न असा आहे: कॅमेरामनची सर्वांत कठीण घटका कोणती? रॉकेट एकाच वेगाने वर जात असतं, तर ती अगदी सुरुवातीची ठरली असती, कारण तेव्हा दृष्टिरेषा सर्वांत आखूड असते. त्वरण कायम असला तर मात्र वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सुरुवातीला या वाढीची सरशी होते, नंतर दृष्टिरेषेच्या वर्गाची. दोघांची बरोबरी होते ती नेमकी ३० अंशांवर. कॅमेरा कितीही लांब ठेवा, रॉकेटचा जोर कितीही असो, हे ३० अंश बदलत नाहीत. सॅटर्नसारखा त्वरण वाढता असेल तर हा बिंदू थोडा वर सरकतो. माझ्या हिशेबात तो ३४ अंशांजवळ आला.

या सगळ्यात एक गृहीत आहे, की रॉकेट सरळ वर जातं. खरं सॅटर्न तेरा-चौदा सेकंदांनंतर अटलांटिकच्या दिशेने कलायला लागतं. पत्रकारांची जागा पश्चिमेला होती, म्हणजे रॉकेट त्यांच्यापासून दूर झुकत होतं. त्यामुळे प्रत्यक्ष कोन सूत्रापेक्षा कमी राहत गेला. ध्वनिवेगाच्या क्षणाचा आकडा याच कारणाने अंदाजापुरता घ्यावा.

चाचणी क्षेत्रांवर हाच त्रिकोण उलटा वापरतात. सिनेथिओडोलाइट नावाचा कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर आपला कोनही नोंदवतो. कोनावरून उंची आणि कोनाच्या दरावरून वेग काढायचा. मात्र तो वर्ग इथे उलट्या अंगाने छळतो. साडेपाच किलोमीटरवरच्या यंत्रात अंशाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तर क्षितिजाजवळ उंचीत सुमारे एक मीटरचा फरक पडतो, ३५ अंशांवर दीड मीटरचा, पण ८० अंशांवर तीस मीटरहून अधिकचा. म्हणून अशी ठाणी तळाच्या फार जवळ ठेवून चालत नाही. शिवाय एकच ठाणं पुरत नाही. दोन किंवा अधिक ठाण्यांवरून एकाच क्षणी उभा आणि आडवा असे दोन्ही कोन मोजले, की रॉकेट सरळ जातं हे गृहीत धरण्याचीच गरज उरत नाही. दोन दृष्टिरेषा जिथे मिळतात, तिथे रॉकेट.