चौदा पानी रिपोर्ट आणि वहिनीची वही

दापोली तालुक्यात समुद्रापासून दहा मिनिटांवर माझ्या चुलत भावाचं घरगुती निवासस्थान आहे. खोल्या चार. जेवण वहिनी करते, हिशोब भाऊ बघतो. गेल्या सप्टेंबरात त्याने इन्स्टाग्राम आणि फेसबुक सांभाळायला पुण्यातल्या एका एजन्सीशी सहा महिन्यांचा करार केला. फेब्रुवारीअखेर तो संपला. नव्या करारावर १० मार्चपर्यंत सही हवी होती. त्याआधी फेब्रुवारीचा रिपोर्ट आला. तो होता चौदा पानांचा, रंगीत, आणि पहिल्याच पानावर वर जाणारा हिरवा बाण.

बाणाखाली लिहिलं होतं, ‘रीच २११ टक्क्यांनी वाढला’. जानेवारीत पंचेचाळीस हजार, फेब्रुवारीत एक लाख चाळीस हजार. भाऊ खूश झाला. वहिनीने चष्मा लावून आकडा वाचला आणि विचारलं, “एवढ्या लोकांनी बघितलं, तर मंगळवार-बुधवारी चारही खोल्या रिकाम्या का?”

करार वाढवावा की नाही याचं उत्तर या प्रश्नात होतं. रिपोर्टच्या चौदा पानांत ते कुठेच नव्हतं.

रीच म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोस्ट पोचली याचा अंदाज. व्ह्यूज हा आकडा वेगळा. एकाच माणसाने रील चारदा बघितली तर चार व्ह्यूज होतात. २०२४पासून इन्स्टाग्रामने व्ह्यूज हेच मुख्य माप केलं आहे, त्यामुळे हल्ली रिपोर्टमध्ये मोठमोठे आकडे दिसतात. पण दोन्ही मापांत एक गोष्ट झाकली जाते. किती लोकांपर्यंत पोस्ट आपसूक पोचली आणि किती जणांना पैसे देऊन दाखवली, हे त्यातून कळत नाही.

ही फोड इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यात इनसाइट्समध्ये सापडते. आम्ही ती काढली. जानेवारीच्या पंचेचाळीस हजारांत जाहिरातीचे सुमारे बावीस हजार होते आणि आपसूक आलेले तेवीस हजार. फेब्रुवारीत जाहिरातीचे एक लाख सोळा हजार आणि आपसूक चोवीस हजार. म्हणजे एजन्सीच्या पोस्ट आणि रील्स होत्या तिथेच होत्या. वाढला होता तो जाहिरातीचा खर्च, तीन हजारांवरून नऊ हजार. हिरवा बाण भावाच्याच खिशातून वर गेला होता.

मग जाहिरात कुणाला दिसली हे बघितलं. अॅड्स मॅनेजरमध्ये निकाल राज्यवार उघडता येतात. एजन्सीने ठिकाण म्हणून सबंध भारत निवडला होता. अशा वेळी मेटाची यंत्रणा ठरलेल्या पैशांत जास्तीत जास्त लोक जिथे स्वस्तात मिळतील तिथे जाहिरात दाखवत जाते. त्यामुळे सगळ्यात मोठा वाटा उत्तरेतल्या राज्यांचा निघाला. त्या लोकांनी डॉल्फिनची रील बघून मन लावून लाइक दिले असतील, पण शुक्रवारी रात्री गाडी काढून दापोलीला येणारा माणूस पुण्या-मुंबईचा, फार तर कोल्हापूर-साताऱ्याचा.

चौथ्या पानावर ‘एंगेजमेंट २० टक्के’ होतं. लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह मिळून ११६० झाले होते आणि त्यांना ५८०० फॉलोअर्सने भागलं होतं. तेच ११६० एक लाख चाळीस हजार रीचने भागले तर एक टक्काही भरत नाही. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. फक्त कशाने भागलं ते लिहिलेलं नसेल तर विचारावं, आणि दर महिन्याला त्याच आकड्याने भागायला सांगावं.

एवढं झाल्यावर आम्ही रिपोर्ट बाजूला ठेवला आणि वहिनीची वही काढली.

पाहुणे आले की वहिनी नाव, गाव, खोली लिहून घेते. एजन्सी आल्यापासून ती समासात आणखी एक शब्द लिहीत होती. चहा देताना विचारायचं, “आमचं कुठून कळलं?” आणि समासात ‘इन्स्टा’, ‘ओळख’, ‘जुने’, ‘बुकिंगवाले’ यांपैकी एक. बुकिंगवाले म्हणजे कमिशन घेणाऱ्या वेबसाइटवरून आलेले. सहा महिन्यांत समासात ‘इन्स्टा’ एकतीस वेळा होतं.

आता खर्च. एजन्सीची फी महिना पंधरा हजार, अठरा टक्के जीएसटी धरून १७,७००. सहा महिन्यांचे १,०६,२००. जाहिरातीवर पाच महिने तीन-तीन हजार आणि फेब्रुवारीत नऊ हजार, असे २४,०००. एकूण १,३०,२००. एकतिसाने भागलं तर एका बुकिंगला ४,२०० रुपये. साधारण बुकिंग म्हणजे दोन खोल्या, दोन रात्री, बारा हजार रुपये. जेवणाचं सामान, बाईचा पगार, धुणं, वीज वजा जाता हातात साडेसहा हजार राहतात. म्हणजे वरवर पाहता सौदा फायद्याचा.

वहिनीने वहीची पानं मागे उलटली. एकतीसपैकी चौदा बुकिंग दिवाळीच्या आठवड्यातली आणि नाताळ ते एकतीस डिसेंबरमधली होती. त्या तारखांना आदल्या वर्षीही चारही खोल्या भरल्या होत्या, तेव्हा एजन्सी नव्हती. त्या दिवसांत इन्स्टावरून आलेल्या पाहुण्याने खोली घेतली की दुसरा कुणी फोन करणारा परत जातो. म्हणजे नवं उत्पन्न काहीच नाही. असे चौदा वगळले की उरतात सतरा, आणि एका बुकिंगचा खर्च साडेसात हजारांच्या वर जातो. हातात साडेसहा हजार राहणाऱ्या बुकिंगसाठी साडेसात हजार घालवलेले. बुकिंगवाले वेबसाइटवाले पंधरा टक्के घेतात, बारा हजारांवर अठराशे. भाऊ त्यांना एरवी लुटारू म्हणतो. त्या दुपारी म्हणाला नाही.

पण इथेच निर्णय घेतला असता तर तो एकतर्फी झाला असता, कारण खाली काही आपल्याच चुका होत्या. फेब्रुवारीत जाहिरातीतून व्हॉट्सअॅपवर एकसष्ट चौकश्या आल्या होत्या. एजन्सीच्या रिपोर्टमधला हा आकडा खरा होता, भावाच्या फोनवर एकेक चॅट मोजून पाहिलं. त्यातल्या सतरा जणांनी ‘रेट?’ एवढंच विचारलं आणि ते पुन्हा बोलले नाहीत. बावीस जणांना उत्तर दुसऱ्या दिवशी गेलं होतं. भाऊ आंब्याच्या फवारणीत गुंतला होता. त्या बाविसांतून एकही बुकिंग नाही. उरलेल्या बाविसांना वेळेवर उत्तर मिळालं आणि त्यांतून चार बुकिंग झाली. गिऱ्हाईक दारात आणून सोडणं हे एजन्सीचं काम. दार उघडणं आपलं.

आणि एक गोष्ट एजन्सीच्या बाजूने ठळक होती. ऑक्टोबरात त्यांच्या मुलीने दोन दिवस राहून वहिनी घावन घालते त्याची रील केली. बिडाच्या तव्यावर पीठ पसरतानाचा आवाज तेवढा, गाणं नाही. तिला एक रुपयाची जाहिरात नव्हती, तरी चारशेच्या वर लोकांनी ती सेव्ह केली. सेव्ह करणारा माणूस बहुधा पुन्हा बघण्याच्या इराद्याने करतो. पुढे पुण्याहून आलेल्या तीन कुटुंबांनी दारातच विचारलं, “ते घावन करणाऱ्या काकू तुम्हीच का?” चौदा पानांच्या रिपोर्टमध्ये या रीलला जागा नव्हती, कारण डॉल्फिनच्या रीलचा आकडा मोठा होता.

तेव्हा प्रश्न ‘ठेवायची की काढायची’ असा राहिला नाही. कुठल्या दिवसांसाठी, कोणत्या कामासाठी आणि किती पैशांत, असा झाला.

एजन्सीशी व्हिडिओ कॉल झाला. त्यांचं म्हणणं होतं की मे तोंडावर आहे, आता थांबलात तर हातचा सीझन जाईल. भावाने वही कॅमेऱ्यासमोर धरली. गेल्या वर्षीचा मे जाहिरातीशिवाय भरला होता. “सीझनला आम्हाला तुमची गरज नाही, मॅडम,” तो म्हणाला, “जूनपासून आहे.” समोर क्षणभर शांतता. मग ती मुलगी म्हणाली, “दादा, हे तुम्ही सप्टेंबरातच सांगितलं असतं तर आम्ही वेगळं काम केलं असतं.” तिचं बरोबर होतं. जुन्या करारात लिहिलं होतं महिन्याला बारा पोस्ट, चार रील्स. त्यांनी तेवढं केलं, आणि कशाचा निकाल द्यायचा हे लिहिलेलं नसल्यामुळे जो आकडा मोठा तो पहिल्या पानावर लावला.

नवा करार जून ते ऑगस्ट असा तीन महिन्यांचा झाला. पोस्ट सहा, रील्स दोन, दोन्ही घरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या. फी नऊ हजार, जीएसटीसह १०,६२०. जाहिरात पाच हजार, फक्त पुणे, मुंबई-ठाणे, सातारा आणि कोल्हापूर, आणि तीही रविवार ते गुरुवारच्या खोल्यांसाठी. एकूण १५,६२०. साडेसहा हजारांनी भागलं तर महिन्याला तीन बुकिंग झाली की पैसे वसूल होतात. सलग दोन महिने तीनपेक्षा कमी झाली तर पंधरा दिवसांच्या नोटिशीवर करार संपेल. चौकशीला दोन तासांत उत्तर द्यायची जबाबदारी पुतण्यावर, आणि तीही करारात लिहिलेली.

मोजणी वादातीत व्हावी म्हणून इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर आणि जाहिरातीत साधा नंबर न देता अशी लिंक दिली:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=INSTA
```

ती दाबली की व्हॉट्सअॅपमध्ये INSTA हा शब्द आधीच टाइप झालेला येतो. काही जण तो पुसून लिहितात, पण बहुतेक जण तसाच पाठवतात. चॅटला लेबल लावायचं आणि महिनाअखेर मोजायचं. नव्या रिपोर्टचं एकच पान: किती चौकश्या, किती बुकिंग, त्यांतल्या आडवारच्या किती.

सही करण्याआधी आणखी एक गोष्ट तपासली, आणि ती आधी तपासायला हवी होती. `Meta Business Suite` मध्ये पेजवर भावाला `Full control` होता, पण जाहिरातीचं खातं एजन्सीच्या नावावर निघालं. असं खातं सहसा दुसऱ्याच्या नावावर हलवता येत नाही. एजन्सी सोडली की कुठली जाहिरात कुणाला दिसली, काय चाललं, हा सगळा इतिहास तिकडेच राहतो. भावाने स्वतःच्या नावावर नवं खातं उघडलं, कार्ड स्वतःचं लावलं आणि एजन्सीला भागीदार म्हणून प्रवेश दिला. इन्स्टाग्रामला जोडलेला मोबाइल नंबरही त्यांच्या माणसाचा होता, तो बदलून घेतला. घावनाच्या रीलचं मूळ चित्रीकरण मागून घेतलं. हे सगळं संबंध चांगले असताना मागावं. नोटीस दिल्यावर फोन उचलले जात नाहीत.

वहिनीने नवी वही आणली आहे. समासाऐवजी आता स्वतंत्र रकाना आखला आहे, आणि त्याच्या शेजारी आणखी एक, वाराचा.