राजीनामा हसरा, पण तारीख पक्की

शेती करायला नोकरी सोडणाऱ्याच्या राजीनाम्यात विनोद शोभतो, फक्त त्याची जागा नेमकी हवी. हे पत्र पुढे फाइलमध्ये राहतं आणि त्यावरच कार्यमुक्तीची तारीख ठरते. म्हणून पहिलं वाक्य सरळ लिहावं: ‘मी पदाचा राजीनामा देत आहे. करारातील 60 दिवसांच्या नोटिशीनुसार 31 मे हा माझा शेवटचा दिवस असेल.’ असं पत्र 2 एप्रिलला द्यावं. आदल्या दिवशी दिलं, तर कुणी खरं मानणार नाही!

त्यानंतर गंमत. ‘जूनमध्ये मृग लागतो. नवे साहेब ढगात बसतात, मेलला उत्तर देत नाहीत आणि मुदतवाढ तर मुळीच देत नाहीत. सोयाबीन पेरायला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो. तोवर मीही मंजुरीच्या प्रतीक्षेतच.’ यातलं हसू शेतीच्या बेभरवशावर आहे. तेच ‘इथल्या बैलांपेक्षा तिथले बरे’ असं लिहिलं, की सहकारी दुखावतात आणि पुढे शिफारस मागायला तोंड राहत नाही.

आपुलकी मात्र नेमक्या आठवणीतून यावी. ‘मार्चअखेरच्या हिशेबात रात्री थांबून तुम्ही मला ताळेबंद जुळवायला शिकवलंत, बी-बियाण्याची वही त्याच पद्धतीने ठेवणार आहे.’ साहेबांना हे वाक्य मनापासून आवडेल. शेवटी कोणतं काम कुणाकडे, कधीपर्यंत सोपवणार ते लिहावं, आणि हुरड्याचं आमंत्रण द्यावं. हुरडा हिवाळ्यातच असतो, तेव्हा महिनाही कळवावा.