शेवटचा हप्ता दीड रुपयाने कमी का?

कर्ज मंजूर झाले की परतफेडीचे वेळापत्रक हातात येते. बहुतेक जण त्यातल्या पहिल्या ओळीतला हप्ता पाहतात, दरमहा एवढे झेपेल का याचा अंदाज घेतात आणि कागद फायलीत लावून टाकतात. शेवटच्या ओळीपर्यंत जाणाऱ्याला मात्र एक वेगळाच आकडा दिसतो. आधीचे सगळे हप्ते ८८८५ रुपयांचे आणि शेवटचा ८८८३ रुपये ४६ पैशांचा! समान मासिक हप्ता ठरलेला असताना हा दीड रुपया कुठे गेला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. काहींना यात छपाईची चूक वाटते, तर काहींना लबाडीचा संशय येतो. खरे तर वेळापत्रकातली सर्वांत प्रामाणिक ओळ हीच असते. कसे, ते एका छोट्या कर्जावरून पाहू.

समजा, १ लाख रुपये कर्ज घेतले. व्याजदर वार्षिक १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का, आणि मुदत १२ महिने. समान हप्त्याच्या सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येते ८८८४.८७८८६८… रुपये. दर महिन्याला नेमकी एवढीच रक्कम भरली, तर बाराव्या हप्त्यानंतर कर्ज बरोबर शून्यावर येईल. अडचण अशी की, ही रक्कम भरणे कोणालाही शक्य नाही. पैशाहून लहान नाणे नसते आणि धनादेशावर पैशाचे हजारावे भाग लिहिता येत नाहीत. म्हणून हप्ता जवळच्या पूर्ण रुपयात बसवला जातो आणि तो होतो ८८८५. याला बँकेत राउंड ऑफ करणे म्हणतात. इथे कर्जदार दर महिन्याला सूत्राने सांगितलेल्या रकमेपेक्षा साधारण १२ पैसे जास्त भरतो.

हे १२ पैसे बँकेच्या खिशात जात नाहीत. हप्त्यातून आधी त्या महिन्याचे व्याज वळते होते आणि उरलेले सगळे मुद्दलात जमा होते. व्याज तर शिल्लक मुद्दलावर ठरलेले असते. त्यामुळे जास्तीचे पैसे मुद्दलच कमी करतात. वेळापत्रकाच्या सुरुवातीच्या आणि अखेरच्या ओळी पाहा:

| हप्ता | भरायची रक्कम | व्याज | मुद्दल | शिल्लक मुद्दल |
|---|---|---|---|---|
| १ | ८८८५.०० | १०००.०० | ७८८५.०० | ९२११५.०० |
| २ | ८८८५.०० | ९२१.१५ | ७९६३.८५ | ८४१५१.१५ |
| ११ | ८८८५.०० | १७५.०५ | ८७०९.९५ | ८७९५.५० |
| १२ | ८८८३.४६ | ८७.९६ | ८७९५.५० | ०.०० |

अकरा ओळी आणि बारावी ओळ यांत एक मूलभूत फरक आहे. पहिल्या अकरा ओळींत हप्ता आधी ठरलेला असतो आणि त्यातून मुद्दल किती फिटले ते काढले जाते. बाराव्या ओळीत हिशेब उलट्या बाजूने होतो. अकरा हप्त्यांनंतर ८७९५ रुपये ५० पैसे मुद्दल शिल्लक आहे, त्यावर महिन्याचे १ टक्का व्याज ८७ रुपये ९६ पैसे. दोन्हींची बेरीज ८८८३ रुपये ४६ पैसे. एवढे भरले की कर्ज फिटले. शेवटची ओळ सूत्राला विचारत नाही, खात्यात खरोखर किती देणे उरले आहे ते सांगते.

आता तो दीड रुपया. १२ पैसे आणि थोडे, असे बारा महिने जास्त भरले असते तर होतात सुमारे १ रुपया ४५ पैसे. प्रत्यक्षात शेवटचा हप्ता १ रुपया ५४ पैशांनी कमी झाला. वरचे हे आठ-नऊ पैसे म्हणजे कर्जदाराचे वाचलेले व्याज. पहिल्या महिन्यात जास्तीचे मुद्दल फिटले, त्यावर पुढचे अकरा महिने व्याज लागले नाही. दुसऱ्या महिन्यातल्या जास्तीच्या रकमेवर दहा महिने लागले नाही. पूर्णांकातून आलेला फरक असा व्याजासकट शेवटच्या हप्त्यात परत येतो.

हप्ता खालच्या बाजूला बसवला तर चित्र उलटते. याच कर्जाचा हप्ता ८८८४ ठेवला, तर दर महिन्याला ८८ पैसे कमी भरले जातात आणि शेवटचा हप्ता साधारण ८८९५ रुपयांचा होतो, म्हणजे ११ रुपयांनी जास्त. काही ठिकाणी हप्ता वरच्या १० रुपयांत बसवतात. मग तो ८८९० होतो आणि शेवटचा हप्ता जवळपास ६५ रुपयांनी कमी, म्हणजे ८८२५ रुपये येतो. तिन्ही वेळापत्रके बरोबरच आहेत. कर्ज तेच, दर तोच, फक्त पैशांची कसर कोणत्या दिशेने साठवली एवढाच फरक.

यात आणखी एक बारकावा आहे. बँकांनी ठेवींवरचे व्याज देताना आणि कर्जावरचे व्याज आकारताना रक्कम जवळच्या रुपयात आणावी, ५० पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर वरचा रुपया धरावा आणि त्याहून कमी असतील तर सोडून द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपल्या उदाहरणात दर महिन्याचे व्याज असे रुपयात आणले, तर शेवटचा हप्ता ८८८३.४६ ऐवजी बरोबर ८८८४ येतो. म्हणून घरी काढलेला आकडा बँकेच्या कागदाशी रुपया-दोन रुपयांनी जुळला नाही, तर त्यातून लगेच काही निष्कर्ष काढू नये. व्याज पैशांपर्यंत मोजले आहे की रुपयांपर्यंत, ते आधी विचारावे.

घरी पडताळणी करायची तर एक्सेलमध्ये हप्ता असा काढावा:

```
=ROUND(PMT(12%/12,12,-100000),0)
```

यातले `ROUND` महत्त्वाचे आहे. ते न लिहिता फक्त `PMT` वापरले, तर पडद्यावर ८८८४.८८ दिसते, पण संगणक आत सगळी दशांश स्थळे धरून चालतो. मग शेवटची शिल्लक शून्य येते आणि सगळे हप्ते अगदी समान दिसतात. असे गुळगुळीत वेळापत्रक दिसायला सुंदर असले तरी त्यातले हप्ते प्रत्यक्षात कोणी भरू शकत नाही.

फरक पूर्णांकाचाच आहे हे कसे ओळखावे? त्यासाठी एक मर्यादा लक्षात ठेवता येते. जवळच्या रुपयात बसवताना एका हप्त्यात जास्तीत जास्त ५० पैशांची कसर राहते. वर्षभराच्या कर्जात ती व्याजासकट सहा-साडेसहा रुपयांपलीकडे जात नाही. व्याजही रुपयात आणले असेल, तर आणखी काही रुपये इकडेतिकडे होतील. तेव्हा एक वर्षाच्या कर्जात शेवटचा हप्ता चारशे-पाचशे रुपयांनी फुगला असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे. कर्ज वाटपाच्या तारखेपासून पहिल्या हप्त्यापर्यंतचे वाढीव दिवसांचे व्याज, एखादा उशिरा भरलेला हप्ता, परत गेलेल्या हप्त्याचे शुल्क किंवा मधेच बदललेला व्याजदर, ही नेहमीची कारणे. त्यांचा पत्ता वेळापत्रकात लागत नाही, खातेउताऱ्यात लागतो.

लांब मुदतीच्या कर्जाला हीच मर्यादा लावता येत नाही, कारण पैशांच्या कसरीवर वर्षानुवर्षे व्याज चढते. २५ लाखांचे गृहकर्ज, दर ८.५ टक्के, मुदत २० वर्षे, तर हप्ता येतो २१,६९५ रुपये ५८ पैसे. तो २१,६९६ केला की दरमहा फक्त ४२ पैसे जास्त जातात. पण २४० हप्त्यांनंतर त्याचा परिणाम सुमारे २६३ रुपये होतो. या कर्जात दरमहाच्या एका पैशाची अखेरीस किंमत सव्वासहा रुपये असते. अर्थात, बदलत्या दराच्या गृहकर्जात दर बदलला की वेळापत्रक नव्याने आखले जाते, त्यामुळे शेवटचा हप्ता आधी छापलेल्या आकड्याशी जुळत नाही.

इथपर्यंत सगळे निरुपद्रवी आहे. त्रास सुरू होतो तो शेवटचा हप्ता वसूल करताना. खात्यातून परस्पर हप्ता कापण्यासाठी आपण जो नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउसचा आदेश देतो, त्यात ठरावीक रक्कम किंवा कमाल रक्कम लिहिलेली असते. ठरावीक रक्कम ८८८४ लिहिली असेल आणि शेवटचा हप्ता ८८९५ असेल, तर जास्तीचे ११ रुपये त्या आदेशावर कापता येत नाहीत. कर्जदार समजतो की बारा हप्ते गेले, कर्ज संपले. खात्यावर मात्र ११ रुपये येणे उरते. ही किरकोळ बाकी बँकेने सोडून दिली नाही, तर खाते उघडे राहते, थकीत दिवस मोजले जातात, दंडात्मक शुल्क लागू शकते आणि पतअहवालात थकबाकीची नोंद जाऊ शकते. उलट बाजूने, हप्ता वर बसवला असेल आणि शेवटीही पूर्ण ८८८५ कापले गेले, तर दीड रुपया कर्जदाराचा जास्त जातो. तो परत करायलाच हवा. गृहकर्जात ही रक्कम अडीचशेच्या घरात असू शकते आणि ती मागायला संकोच करण्याचे कारण नाही.

कर्जदाराच्या हातात आज त्यासाठी ठोस कागद आहेत. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार किरकोळ कर्जदारांना कर्जाची मुख्य माहिती देणारे पत्रक द्यावे लागते आणि त्यात परतफेडीचे वेळापत्रक असते. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना हे बंधनकारक आहे. तसेच १ डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे की, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करायची आणि उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. हे ३० दिवस मोजायला लागतात ते कर्ज पूर्ण फिटल्यावर. म्हणून अकरा रुपयांच्या बाकीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही.

कर्ज घेताना वेळापत्रकातली शेवटची ओळ वाचा. तिथली शिल्लक शून्य आहे का आणि तो हप्ता मंजूर आदेशाच्या रकमेत बसतो का, एवढे पाहा. शेवटच्या हप्त्याच्या महिनाभर आधी शाखेतून नेमकी देय रक्कम लेखी घ्या, ती भरा आणि शून्य बाकीचा खातेउतारा व ना-देय दाखला हातात पडल्याशिवाय कर्ज संपले असे समजू नका.